करड्या यादीतली नावं

शिवकन्याच्या खोड्या लहानपणापासूनच्या. मुखेडजवळच्या त्यांच्या गावात तिचे वडील किशनराव दोन गोष्टींसाठी ओळखले जात. एक म्हणजे त्यांची हायब्रीड ज्वारी, आणि दुसरी म्हणजे ही पोरगी. शाळेच्या हजेरीत वर्गशिक्षकांचंच नाव घुसवून "गैरहजर" लिहिणारी पोरगी गावानं तिच्याआधी पाहिली नव्हती नि नंतरही पाहिली नाही. पुढं तिनं मुखेडला संगणकाचा क्लास केला, नांदेडला तंत्रनिकेतनात शिकली आणि तिथल्याच एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून चिकटली. आज तिला तिथं पंधरा वर्षं झाली. खोड मात्र गेली नाही. कॉलेजातल्या सगळ्या प्रिंटरना तिनं भाज्यांची नावं दिली आहेत. त्यामुळं ऑफिसात नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला ऐकायला मिळतं, "कारल्यावर नका देऊ, कारल्याची शाई संपली हाय. दोडक्यावर द्या."

कॉलेजचा मेल सर्व्हर तिच्या गळ्यात पडला तो योगायोगानं. आधीचा माणूस पुण्याला निघून गेला, जाताना एक वही नि एक किल्ली तिच्या हातात ठेवून गेला. संस्थेच्या अध्यक्षांना कॉलेजची मेल कॉलेजच्याच यंत्रावर हवी होती, आणि ते यंत्र सांभाळायला दुसरं कुणी तयार नव्हतं. वही वाचत, चुकत, दुरुस्त करत शिवकन्या शिकली. नांदेडचं मुख्य कॉलेज आणि लातूरची शाखा मिळून दीडशे माणसांची मेल तिच्या हाताखालून जाऊ लागली. तिला सगळे "सर्व्हर मॅडम" म्हणत. सर्व्हर नीट चालला की कुणाला तिची आठवण येत नसे, आणि अडला की सगळ्यांना एकदमच येत असे.

दोन वर्षांपूर्वी मेलमध्ये रद्दीचा पूर आला. लॉटरी, कर्ज, केसांचं तेल, "तुमची पेटी भरली आहे, इथे दाबा." मेकॅनिकलचे विभागप्रमुख भागवत सर यांनी तिथं दाबलं. त्या दिवशी त्यांच्या नावानं साडेतीन हजार लोकांना वजन घटवायच्या गोळ्यांची जाहिरात गेली, त्यात विद्यापीठाचे दोन अधिकारीही होते. प्राचार्यांनी शिवकन्याला बोलावलं.

"मॅडम, हे बंद करा. कसं करायचं ते तुम्ही ठरवा."

तिनं ग्रेलिस्टिंग चालू केलं. प्राचार्यांना समजावताना ती म्हणाली, "सर, अनोळखी सर्व्हर पहिल्यांदा मेल घेऊन आला की आपला सर्व्हर त्याला सांगणार, आत्ता जमत न्हाई, थोड्या वेळानं या. आणि तीन गोष्टींची नोंद ठेवणार. कुठल्या यंत्राकडून आली, कोणाच्या नावानं आली, कोणासाठी आली. खरा सर्व्हर असंल तर तो मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा येतो, तसा नियमच हाय. पाच मिनिटं उलटून गेल्यावर त्याच तिन्ही गोष्टी पुन्हा जुळल्या की आपण आत घेतो, नि पुढं महिनाभर अडवत न्हाई."

"आणि रद्दीवाले?"

"ते एका दमात लाखो पत्त्यांवर फेकत सुटतेत. 'नंतर या' म्हणलं की बहुतेक जण परत फिरकतच न्हाईत. त्यांना कुठं वेळ हाय?"

प्राचार्यांना हे फार आवडलं. आठ दिवसांत रद्दी चौथाईवर आली. उलट प्राचार्यांनीच एकदा फोन केला, "मॅडम, सकाळपासून चारच मेल आल्यात. सर्व्हर बंद पडलाय का?"

तोटाही तिनं तेव्हाच सांगितला होता. नव्या माणसाची पहिली मेल उशिरा येणार. आपण पाच मिनिटंच अडवतो, पण समोरचा कधी परत यायचा ते त्याच्या हातात असतं. कोणी दहा मिनिटांनी येतो, कोणी तासानं. प्राचार्यांनी मान डोलावली. मेलला काय घाई असते, असं त्यांचं मत होतं. शिवकन्याचंही तेच मत होतं, आणि तिथंच ती चुकली.

भागवत सरांचं मात्र उलट होतं. त्यांना मेल फोनसारखी लागत असे. समोरचा म्हणायचा, "पाठवली," आणि हे म्हणायचे, "कुठाय?" प्रत्येक सभेत ते उठून सांगत की एवढ्या मोठ्या कॉलेजची मेल एका लॅब असिस्टंटच्या हातात ठेवणं धोक्याचं आहे, ती मोठ्या कंपनीकडं द्यावी. शिवकन्या सभेत मागं बसून ऐकत असे आणि वहीत त्यांच्या मिशांचं चित्र काढत असे.

यंदा कर्मचारी मंडळाची निवडणूक लागली. हे मंडळ म्हणजे स्नेहसंमेलन, निरोपसमारंभ, वॉटर कूलर आणि पार्किंगची शेड एवढ्याच कामांसाठी, पण निवडणूक अशी लढवली जायची जणू विधानसभाच. एका बाजूला भागवत सरांचं परिवर्तन पॅनल, दुसऱ्या बाजूला जुन्या लोकांचं पॅनल. जुन्यांना सातवा उमेदवार मिळेना म्हणून त्यांनी ग्रंथालयातल्या नीलाबाईंचं नाव टाकलं. नीलाबाई पुस्तकं कपाटात लावायच्या, दुपारी कुंड्यांना पाणी घालायच्या. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. नाव फलकावर लागल्यावर त्यांना कळलं.

लातूरच्या शाखेचे लोक मतदानासाठी नांदेडला यायला कुरकुर करत, म्हणून यंदा मतदान ऑनलाइन ठेवलं. कार्यालय अधीक्षक अण्णाराव यांनी कुठल्याशा छोट्या कंपनीला काम दिलं. रीत सोपी होती. वेबसाइटवर जायचं, आपला कर्मचारी क्रमांक टाकायचा, कॉलेजच्या मेलवर सहा आकडी कोड येणार, तो पाच मिनिटांत टाकायचा आणि मत द्यायचं. नवा कोड मागितला की जुना रद्द. चार वेळा कोड मागून मत दिलं नाही तर खातं दोन तास बंद.

शिवकन्यानं हे ऐकलं तेव्हा ती अण्णारावांच्या टेबलापाशी गेली.

"सर, त्या कंपनीचा सर्व्हर कोणता ते मला कळवायला सांगा. मी आधीच सोडून ठेवते. न्हाईतर कोड अडकंल."

"हाव हाव, सांगतो," अण्णाराव फायलीतून मान वर न काढता म्हणाले. "तसं आम्ही चाचणी घेतलीय. मला दोन सेकंदांत कोड आला."

"कोणत्या मेलवर?"

"माझ्या घरच्या."

"घरची मेल माझ्या सर्व्हरवर न्हाई, सर."

"सांगतो म्हणलं ना, मॅडम."

अण्णारावांनी सांगितलं नाही. शिवकन्यानंही पुन्हा विचारलं नाही. त्या आठवड्यात लातूरच्या शाखेची वायर उंदरानं खाल्ली होती, ती तिकडं पळाली. मतदानाचा दिवस उजाडला तेव्हा ही गोष्ट तिच्या डोक्यातून साफ गेलेली होती.

गुरुवारी सकाळी दहाला मतदान सुरू झालं. निवडणूक अधिकारी म्हणून उदगीरचे निवृत्त प्राध्यापक वीरण्णा यांना बोलावलं होतं. पांढरं धोतर, कानाला यंत्र, आणि घाई म्हणजे काय हे ठाऊक नसलेला चेहरा. ते सभागृहात टेबल मांडून बसले.

दहा वाजता भागवत सरांनी कोड मागितला. कोड आला नाही. दहा वाजून एक मिनिटानं पुन्हा मागितला. नाही. मग आणखी एकदा, मग चौथ्यांदा. दहा वाजून चार मिनिटांनी पडद्यावर आलं, "आपले खाते दोन तासांसाठी बंद आहे." त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि त्यांच्या विभागातल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, "दाबत राहा, कधीतरी येईल!" मुलाखतीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना वेळेचं महत्त्व शिकवणारे ते अठरा प्राध्यापक इमानेइतबारे दाबत राहिले. सव्वादहापर्यंत मेकॅनिकल विभाग अख्खा बंद झाला.

नीलाबाईंनी पण बरोब्बर दहालाच कोड मागितला होता. यायला लागेल वेळ, म्हणून त्या उठून कुंड्यांना पाणी घालायला गेल्या. दहा मिनिटांनी आल्या. मेल नव्हती. त्यांनी पुन्हा एकदा कोड मागितला, आणि तो दोन सेकंदांत समोर हजर. मत देऊन त्या मोकळ्या झाल्या. नांदेड आणि लातूर मिळून मत देणाऱ्या त्या पहिल्या.

"नीलाबाई, तुमचा कोड आला?" शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं.

"आला की. एकदा मागायचा, मग दहा मिनिटं दुसरं काम करायचं, मग परत मागायचा. पहिल्यांदा ते वळखत न्हाई."

झालं. ही बातमी पाच मिनिटांत साऱ्या कॉलेजात पसरली, आणि पसरता पसरता तिला फाटे फुटले. सिव्हिल विभागात कळलं की मधल्या वेळात चहा प्यावा लागतो. कँटीनचा चहा मिळायला सात मिनिटं लागतात, त्यामुळं तो उपाय खरोखरच लागू पडत होता. लातूरला कँटीन बंद होतं. तिथल्या लोकांनी फाटकाबाहेरच्या मारुतीला अकरा प्रदक्षिणा घातल्या आणि त्यांनाही कोड मिळाले.

शिवकन्याला पहिला फोन दहा वाजून बारा मिनिटांनी आला. तिनं सर्व्हरची नोंदवही उघडली आणि कपाळावर हात मारला. एकाच अनोळखी यंत्राकडून, एकाच नावानं, दीडशे वेगवेगळ्या माणसांसाठी कोड येत होते. प्रत्येकाची पहिली भेट, म्हणून प्रत्येकाला "थोड्या वेळानं या." कंपनीचा सर्व्हर आज्ञाधारक होता, पण तो पंधरा मिनिटांनी परत येणार होता. कोडाचं आयुष्य पाच मिनिटांचं. म्हणजे पोहोचेपर्यंत तो मेलेला. आणि ज्यांना पहिल्या मागणीनंतर पाच मिनिटं धीर धरवला, त्यांची दुसरी मागणी ओळखीची ठरून सरळ आत येत होती. ज्यांना धरवला नाही, ते बाद.

उपाय एका ओळीचा होता. त्या यंत्राचा पत्ता सोडून द्यायच्या यादीत टाकायचा, बस्स. तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली आणि काढून घेतली. मतदान चालू आहे. आत्ता तिनं एकटीनं सर्व्हरला हात लावला तर हरणारा उद्या तिलाच धरणार. वीरण्णा सरांची परवानगी हवी.

ती सभागृहाकडं निघाली. वाटेत मेकॅनिकल विभाग लागतो. खिडकीतून तिला अठरा प्राध्यापक बंद पडलेल्या पडद्यांसमोर बसलेले दिसले आणि मधे भागवत सर, फोनवर कुणाला तरी "कट आहे, सरळ सरळ कट आहे" सांगत असलेले. शिवकन्यानं खोटं का बोलावं, तिला मनापासून बरं वाटलं. इतकं की तिनं जवळचा जिना सोडून बागेकडून वळसा घातला. चार मिनिटांच्या वाटेला तिला नऊ मिनिटं लागली.

वीरण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं. दोनदा कानातलं यंत्र नीट बसवलं.

"म्हणजे पेटीला कुलूप आहे आणि किल्ली उशिरा येतेय?"

"हाव सर. मी एका मिनिटात दुरुस्त करते. पण तुमच्या आणि दोन्ही पॅनलच्या सह्या पाहिजेत."

जुन्या पॅनलनं लगेच सही केली. भागवत सर मात्र सर्व्हर रूमचं दार ठोठावत होते, तिथून त्यांना शोधून आणावं लागलं. ते आले ते तापूनच. शिवकन्यानं त्यांना सांगायला सुरुवात केली, "सर, ग्रेलिस्ट म्हणून एक..."

"लिस्ट?" भागवत सर थबकले. "कसली लिस्ट?"

"करडी यादी म्हणा. म्हणजे अजून ओळख न पटलेले..."

"म्हणजे तुमच्याकडं माणसांची यादी आहे! कोणाची मेल अडवायची, त्याची!" ते वीरण्णांकडं वळले. "सर, माझ्या विभागाचे अठराच्या अठरा अडकले आणि ग्रंथालयातली बाई पहिली सुटली. आधी यादी दाखवा, मग सही."

"सर, त्यात माणसं न्हाईत, सर्व्हर हायत..."

"यादी!"

वीरण्णांनी डोळे मिटले आणि ते तसेच बसून राहिले. भागवत सरांनी सही करायला पाऊण तास घेतला. त्या पाऊण तासात त्यांच्याच बाजूचे आणखी बाराजण दाबून दाबून बंद पडले. शेवटी त्यांच्याच पॅनलच्या लोकांनी हातापाया पडून त्यांची सही घेतली. शिवकन्यानं सगळ्यांच्या देखत ती एक ओळ लिहिली, आणि त्यानंतर प्रत्येकाला कोड दोन सेकंदांत मिळू लागला. बंद खाती उघडेपर्यंत थांबायचं म्हणून वीरण्णांनी मतदानाची वेळ एकऐवजी चारपर्यंत वाढवली. दोघं रजेवर होते, ते सोडून सगळ्यांनी मत दिलं.

निकाल लागला तेव्हा नीलाबाईंना सगळ्यात जास्त मतं पडली होती. सकाळभर जो तो त्यांच्याच टेबलापाशी जाऊन "आता काय करू?" विचारत होता, आणि ज्यानं वाट दाखवली त्याला मत द्यायचं एवढा शिष्टाचार मराठवाड्यात अजून शिल्लक आहे. भागवत सर सहा मतांनी पडले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात "करड्या यादी"शिवाय दुसरा विषय नव्हता. सर्व्हर मॅडमकडं एक यादी आहे आणि त्यात नावं आहेत. कोणाची, ते कुणाला माहीत नाही. एक शिपाई पेढे घेऊन आला, "मॅडम, माझं असंल तर काढून टाका." फीच्या खिडकीवरच्या बाईंनी हळूच विचारलं, की यादीत असल्यावर पगारवाढ अडते का. शिवकन्यानं पेढे घेतले आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "बघते. पण परत आलेला सोडायचाच, असा नियम हाय." आता याचा अर्थ काय, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

भागवत सरांनी लेखी तक्रार केली. शनिवारी वीरण्णांच्या समोर सुनावणी ठेवली. सभागृह भरलं. भागवत सरांनी मागणी केली की यादीतल्या त्यांच्या नावाच्या सगळ्या ओळी सर्वांसमोर वाचून दाखवाव्यात.

शिवकन्या उठली. "सर, त्या ओळीत तुम्हाला कोणी मेल पाठवली ते दिसतं. मेलमध्ये काय हाय ते दिसत न्हाई, पण पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. ते खासगी हाय. तुम्ही एकटे बसून बघा, मी कागद देते."

"लपवायचं असेल तर तसंच म्हणणार तुम्ही."

"सर, पुन्हा विचार करा."

"वाचा!"

"तिसऱ्यांदा विचारते."

"मॅडम, मी लेखी दिलंय!"

दिलं होतं, हे खरं. शिवकन्यानं दोन पानं दोडक्यावरून काढून आणली आणि वीरण्णांपुढं ठेवली. "वरची, मागच्या दोन दिवसांत येऊन परत न फिरकलेली. खालची, परत येऊन आत गेलेली. फक्त सरांच्या नावाची."

वीरण्णांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा संथ, स्वच्छ आवाजात वाचायला सुरुवात केली.

"केसवाढ हमखास. प्राप्तकर्ता, भागवत सर. परत आला नाही." पान सरकवलं. "पोट आत, एक महिन्यात. परत आला नाही. शनिपीडा निवारण. आला नाही. केसवाढ हमखास, दुसऱ्या यंत्रावरून. आला नाही. पन्नाशीनंतर जोडीदार..."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मग ते खोकणं साथीसारखं पसरलं.

"हे रद्दीवाले सगळ्यांनाच पाठवतेत," शिवकन्या मधेच म्हणाली. "सरांनी मागवलं म्हणून न्हाई. माझ्या नावाच्या ओळी काढल्या तर त्यात पण केसांचं तेल निघंल."

हे तिनं मनापासून सांगितलं होतं. पण वीरण्णांच्या कानातलं यंत्र बहुतेक घसरलं होतं. ते शांतपणे पुढं वाचत राहिले. बेचाळीस ओळी झाल्या. मग त्यांनी खालचं पान घेतलं.

"हां. हा मात्र परत आला आणि आत गेला. 'तुमचा शोधनिबंध तीन दिवसांत प्रसिद्ध.' याची ओळख पक्की दिसते."

भागवत सरांचा गेल्या वर्षीचा निबंध पैसे भरून कुठं छापून आला होता, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एरवी कुजबुजत बोलायची ती गोष्ट पहिल्यांदाच भर सभेत, तीही सरकारी आवाजात, वाचली गेली. हसू दाबता दाबता अण्णारावांची फाइल खाली पडली.

"पुरे," भागवत सर म्हणाले.

"अजून चौदा ओळी आहेत," वीरण्णा म्हणाले.

"पुरे म्हणालो ना, सर. माझं समाधान झालं."

वीरण्णांनी निकाल लिहिला. करडी यादी ही माणसांची नाही, यंत्रांची आहे. सगळ्यांना सारखाच नियम लागला. अखेर सर्वांना मत देता आलं. तक्रार फेटाळली. आणि शेवटी एक ओळ, की कोड पाठवणाऱ्याची माहिती आधी न दिल्याबद्दल कार्यालयाला आणि पाठपुरावा न केल्याबद्दल सर्व्हर विभागाला समज देण्यात येत आहे. शिवकन्यानं ती ओळ वाचली, तिचं तोंड थोडं उतरलं, पण ओळ बरोबर होती.

सभागृह रिकामं होताना गीतांजली तिच्याजवळ आली. ती इलेक्ट्रॉनिक्सची नवी सहायक प्राध्यापक. औशाकडची, मितभाषी.

"मॅडम, एक विचारू? हे कोड उशिरा येणं... ते दुसऱ्या साइटचंही होतं का?"

"कुठल्या?"

"मे महिन्यात मी संशोधनाच्या अनुदानाचा अर्ज भरून राहिले होते. शेवटचा दिवस होता. कोड येईचना. पहिला यायला दोन तास लागले. मला वाटलं माझं नेटच खराब हाय. मी लेडीज होस्टेलच्या गच्चीवर उन्हात जाऊन बसले." ती हसली. "झाला अर्ज शेवटी. साडेपाचला. सहाला बंद होणार होतं."

शिवकन्यानं तिथंच लॅपटॉप उघडून जुन्या नोंदी काढल्या. सापडलं. ती साइट मोठी होती, तिचे मेल पाठवणारे सर्व्हर पन्नास होते. एका सर्व्हरला "थोड्या वेळानं या" म्हटलं की परतफेरी दुसराच करत होता. करडी यादी त्याला नवखा समजून पुन्हा थांबवत होती. मग तिसरा, मग चौथा. शिवाय पाठवणाऱ्याचं पाकिटावरचं नावही दर वेळी वेगळं होतं, त्यामुळं नव्यानं कोड मागितला तरी जुनी ओळख उपयोगी पडत नव्हती. गीतांजलीनं मागितलेले अकरा कोड असे आळीपाळीनं अनोळखी ठरत राहिले होते.

"मला फोन का न्हाई केला, ताई?"

"तुम्ही कामात असाल म्हणलं."

भागवत सर दोन वर्षं ओरडत होते, त्याचं शिवकन्याला काही वाटलं नव्हतं. ही पोरगी न ओरडता उन्हात बसली, ते मात्र तिला लागलं. ओरडणाऱ्यांच्याच तक्रारी आपल्यापर्यंत पोहोचतात आणि त्या आपण चेष्टेवारी नेतो, बाकीच्यांचं कळतही नाही, हे तिच्या ध्यानात आलं. बागेतून घातलेला वळसाही तिला आठवला.

सोमवारपासून तिनं काम काढलं. करडी यादी बंद केली नाही. बंद केली असती तर रद्दी पुन्हा चौपट झाली असती. पण सरसकट सगळ्यांना थांबवायचं तिनं सोडलं. आता मेल आली की सर्व्हर आधी ती तपासतो आणि ज्यात काही खोट वाटते तिलाच थांबवतो. बँका, विद्यापीठ, परीक्षा, अनुदान, सरकारी साइट, असे कोड पाठवणारे तिनं वेगळे काढून सोडून दिले. तेही नुसतं नाव पाहून नाही, कारण ते नाव लावून कोणीही येऊ शकतो. त्या नावाच्या मालकानं जे सर्व्हर आपले म्हणून जाहीर केले आहेत, त्यातूनच मेल आली असली तर सोडायची. थांबवायची वेळ आलीच, तर एकेक यंत्र न पाहता एका ओळीतल्या शेजारी यंत्रांना एकच धरायचं, म्हणजे भाऊ परत आला तरी ओळख पटते.

रद्दी थोडी वाढली. प्राचार्यांनी तक्रार केली, की केसांचं तेल पुन्हा दिसायला लागलंय. तिनं सांगितलं, "सर, तेवढं सोसा." त्यांनी सोसलं.

मग तिनं अण्णारावांकडून एक कागद भरून घेतला. कॉलेजचं कुठलंही काम ज्या ज्या साइटवर कोडानं चालतं, त्या सगळ्यांची नावं. अण्णारावांनी या वेळी मान वर काढून, चष्मा लावून, स्वतःच्या हातानं सोळा नावं लिहिली. सतरावं लिहिताना ते जरा घुटमळले.

"हे कॉलेजचं न्हाई, मॅडम. आमच्या उज्ज्वलाला स्थळं बघून राहिलो. ती साइट कोड पाठवती. मी कॉलेजचीच मेल दिलीय."

"नियमात बसत न्हाई, सर."

"हाव, माहीत हाय." त्यांनी पेन टोपणात घातलं. "मागच्या महिन्यात एक लातूरचं चांगलं स्थळ होतं. कोड आला तोवर त्यांनी दुसरीकडं ठरवलं."

कोडानं पंधरा मिनिटं उशीर केला म्हणून लग्न मोडत नाही, हे शिवकन्याला पक्कं ठाऊक होतं. अण्णारावांनाही ते ठाऊक असावं. पण तिनं कागद ओढून घेतला आणि सतरावं नाव आपल्या अक्षरात लिहिलं. मग गीतांजलीला फोन लावला, "ताई, त्या अनुदानाच्या साइटवर एकदा कोड मागून बघा बरं. मी इकडं नोंद बघून राहिले."

"आत्ता?"

"आत्ता."

पलीकडं कीबोर्ड वाजला. "आला," गीतांजली म्हणाली. "अगं बाई, लगेच आला."

"किती सेकंद?"

"मोजले न्हाईत, मॅडम. पुन्हा मागू?"

"मागा की," शिवकन्या म्हणाली, आणि खुर्ची पुढं सरकवून नोंदवहीवर डोळे लावून बसली.